वेणी तर दिली, पण फोटोखाली काय लिहाल?

लांब केस कापून ते कॅन्सरच्या रुग्णांच्या विगसाठी देण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. केस कापले की फोटो निघतो. हातात कापलेली वेणी, मान किंचित तिरकी, तोंडावर हसू. हा फोटो मोबाईलवरून साऱ्या नातेवाइकांना जातो आणि कधी कधी वृत्तपत्राच्या कचेरीतही येऊन पडतो. फोटोखाली दोन-चार ओळी असतात. वृत्तपत्राच्या भाषेत त्यांना फोटोओळ म्हणतात. आज या फोटोओळीविषयी लिहायचे आहे.

आरोग्याच्या सदरात फोटोओळीचे काय काम, असे आपल्याला वाटेल. पण विचार करा, हा फोटो कोण कोण पाहते? जिची केमोथेरपी पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची आहे अशी एखादी बाई पाहते. जिचे केस नुकतेच गेले आहेत अशी एखादी मुलगी पाहते. आणि आपणही केस द्यावेत असे जिच्या मनात आहे ती पाहते. पहिल्या दोघींना त्या ओळी लागू शकतात आणि तिसरीला त्या चुकीचे शिकवू शकतात. म्हणून ओळी लिहिण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. रुग्णाचे केस का जातात, ही एक. आणि आपण दिलेल्या वेणीचे पुढे काय होते, ही दुसरी.

केस कशामुळे जातात?

पुष्कळ जण लिहितात, "कॅन्सरमुळे केस गेलेल्या भगिनींसाठी." हे बरोबर नाही. केस जातात ते बहुधा कॅन्सरमुळे नव्हे, तर त्यावरील उपचारांमुळे.

आपल्याला दिसतो तो केस निर्जीव असतो. म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत भाग असतो तो त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी. तिथल्या पेशी फार वेगाने वाढतात, म्हणजे एकीच्या दोन, दोनच्या चार होत राहतात. डोक्यावरच्या दर दहा केसांपैकी साधारण नऊ केस कोणत्याही वेळी अशा वाढीच्या अवस्थेत असतात. कॅन्सरच्या पेशीही वेगाने वाढतात. केमोथेरपीची बरीच औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशी मारतात आणि त्या तडाख्यात केसांची मुळेही सापडतात. पहिल्या सलाईननंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत केस गळू लागतात. सकाळी उशीवर पुंजके दिसतात, न्हाताना हातात झुबके येतात. काही जणींची डोक्याची कातडीही हुळहुळते.

दोन गोष्टी इथेच सांगून टाकतो. केमोथेरपीच्या सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. काहींनी पूर्ण जातात, काहींनी नुसते विरळ होतात, काहींनी फारसा फरकच पडत नाही. आपल्या औषधांनी काय होईल हे कॅन्सरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे. दुसरे म्हणजे, केमोथेरपीने गेलेले केस बहुतेकांचे परत येतात. उपचार संपल्यावर एक-दोन महिन्यांत लव दिसू लागते आणि सहा महिन्यांत डोके बऱ्यापैकी झाकले जाते. सुरुवातीला केसांचा रंग किंवा पोत थोडा वेगळा असू शकतो. सरळ केसांच्या बाईला कुरळे केस आले तर घाबरू नये. काही थोड्या जणींचे केस पुरते परत येत नाहीत. डोक्यावर जास्त मात्रेने रेडिएशन दिले असेल तर त्या जागी कायमचे विरळ राहू शकतात.

याचा अर्थ असा की विग हा कॅन्सरवरचा उपचार नाही. तो काही महिन्यांचा सोबती आहे. केस जाऊन परत येईपर्यंतच्या काळात बाजारात जाताना, लग्नकार्यात बसताना, मुलाच्या शाळेत पालकसभेला जाताना लोकांच्या नजरा टाळायला तो उपयोगी पडतो. आपल्या समाजात बाईच्या केस नसलेल्या डोक्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते, तिचा इतिहास जुना आहे. विधवांचे केशवपन ही आपल्याकडची रूढी होती. तिच्याविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनीच संप केला होता. रूढी गेली, नजर मात्र अजून पुरती गेलेली नाही. म्हणून "केसांचे काय एवढे, जीव वाचला ना!" असे रुग्णाला सांगणे सोपे असले, तरी तिला त्या नजरांमधूनच रोज बाहेर पडायचे असते.

कॅन्सरखेरीज चाईचे रुग्णही विग वापरतात. चाई म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चुकून केसांच्या मुळांवरच हल्ला करते तो आजार. सहसा एक-दोन गोल चट्टे पडतात, पण काही मुलांचे डोक्यावरचे सगळे केस जातात. अमेरिकेत १९९७ साली सुरू झालेली लॉक्स ऑफ लव्ह ही केस गोळा करणारी संस्था प्रामुख्याने अशा मुलांसाठीच काम करते. म्हणून आपले केस कोणाकडे जाणार हे संस्थेला विचारल्याशिवाय "कॅन्सरग्रस्तांसाठी" असे ठामपणे लिहू नये.

वेणीचा पुढचा प्रवास

आता वेणीकडे वळू. विग हाताने करायचा असेल तर कारागीर डोक्याच्या मापाची बारीक जाळीची टोपी घेतो आणि आकड्याच्या सुईने एकेक, दोन-दोन केस त्या जाळीला गाठ मारून बसवतो. गाठ मारताना केस दुमडला जातो, त्यामुळे थोडी लांबी तिथेच खर्ची पडते. शेवटी टोके सारखी करताना आणखी थोडी जाते. म्हणूनच संस्था निदान १० ते १२ इंच, काही तर त्याहूनही लांब केस मागतात. बारा इंचांची वेणी दिली म्हणजे बारा इंचांचा विग झाला असे नसते. शिवाय एका वेणीत विग होत नाही. लांडे केस बाजूला काढावे लागतात, रंग आणि पोत जुळवावा लागतो. एका विगला पाच-सहा जणींच्या वेण्या लागतात, कधी त्याहूनही अधिक.

दुसरी गोष्ट केसाच्या दिशेची. केसावर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांची तोंडे टोकाकडे असतात. केसावरून बोटे मुळाकडून टोकाकडे फिरवा, गुळगुळीत लागेल. उलटी फिरवा, किंचित खरखरीत लागेल. विगमधले सगळे केस एकाच दिशेचे असावे लागतात. उलटसुलट मिसळले की त्यांचा गुंता होतो आणि तो सोडवता सोडवता विग वाया जातो. न्हाव्याच्या दुकानात जमिनीवर पडलेले केस गोळा करून पाठवणे म्हणूनच निरुपयोगी आहे. जावळाचे केस पाठवू का, असेही आया विचारतात. ते फार आखूड आणि मऊ असतात, विगच्या कामाचे नाहीत.

कापायची रीत सोपी आहे. आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवा आणि नंतर तेल लावू नका. ते पुरते वाळू द्या. ओलसर वेणी पिशवीत बंद करून पाठवली तर वाटेतच तिला बुरशी येते आणि सारे श्रम फुकट जातात. दुकानात बसल्यावर केसांचे चार-पाच भाग करून प्रत्येकाला वर आणि खाली रबर घट्ट बांधा. दोन रबरांमधले अंतर टेपने मोजा. कुरळे केस ताणून मोजायचे असतात. मग वरच्या रबराच्या वर बोटभर जागा सोडून कापा, रबराच्या खाली नव्हे. खाली कापले की गाठ सुटते आणि केस विखुरतात. केसांत उवा किंवा लिखा असतील तर आधी उपचार करून डोके स्वच्छ करा, मग कापा. रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा औषधाने सरळ केलेले केस पुष्कळ संस्था घेत नाहीत. मेंदी आणि पांढरे केस यांबाबत प्रत्येकीचा नियम निराळा आहे. मुंबईत मदत ट्रस्टचा "कोप विथ कॅन्सर" हा उपक्रम केस घेऊन रुग्णांना विग देण्याचे काम करीत आला आहे. इतरही काही संस्था आहेत. कात्री लावण्याआधी त्या संस्थेला स्वतः फोन करा. चालू पत्ता आणि चालू नियम विचारा. मोबाईलवर फिरत आलेल्या जुन्या संदेशातल्या पत्त्यावर वेणी पाठवू नका.

एक फोटोओळ तपासून पाहू

माझ्याकडे लहानपणापासून येणारी बी.एड.ची एक विद्यार्थिनी आहे. तिने अलीकडेच केस दिले. ते कंबरेच्या खाली जात होते. मानेपासून मोजले तर २२ इंच भरले. तिने खांद्याच्या वर आठ इंच ठेवून १४ इंच कापले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कापलेली लांबी परत यायला तिला अडीच-तीन वर्षे लागतील. फोटो टाकण्याआधी तिने मला लिहिलेल्या ओळी दाखवल्या. त्या अशा होत्या:

"आज मी माझे सौंदर्य दान केले! कॅन्सरशी झुंजणाऱ्या बिचाऱ्या टकल्या भगिनीला माझ्या केसांनी जीवनदान मिळेल. आता मी पण पेशंटच दिसते, हा हा! तुम्ही पण कापा आणि पुण्य मिळवा."

मुलीचे मन चांगले होते यात शंका नाही. मी म्हणालो, "बाळ, आपण एकेक वाक्य घेऊ."

"माझे सौंदर्य दान केले." म्हणजे केस हेच सौंदर्य, असा अर्थ निघतो. मग जिचे केस गेले तिचे सौंदर्य गेले, असे आपणच तिला सांगितले. केस दिले, एवढेच खरे आहे आणि तेवढे पुरे आहे.

"बिचाऱ्या टकल्या भगिनीला." हे शब्द तिच्या तोंडावर बोलता येतील का, असे मी विचारले. मुलगी गप्प झाली. तोंडावर बोलता येत नाही ते फोटोखाली लिहू नये. ती बाई तो फोटो पाहतच असते.

"जीवनदान मिळेल." रक्तदानाने जीव वाचतो, मूत्रपिंड दिल्याने वाचतो. केसांनी वाचत नाही. आणि एका वेणीने एकीचा विगही होत नाही. खोटा मोठेपणा केला की खरा उपयोगही लोकांना खोटा वाटू लागतो.

"आता मी पण पेशंटच दिसते, हा हा!" इथे मी पेन्सिल घेऊन संपूर्ण ओळ खोडली. तिचे केस तिने दिवस ठरवून, आवडीच्या दुकानात, आरशासमोर बसून कापले. रुग्णाचे केस तिला न विचारता गेले. या दोन गोष्टींना एका पंगतीत बसवून त्यावर हसणे कोणालाही शोभत नाही.

"पुण्य मिळवा." पुण्याचा हिशेब मला येत नाही. पण हे वाचून जिला खरेच केस द्यायचे आहेत तिला काय करायचे ते कळत नाही. किती लांब हवेत, कसे बांधायचे, कोणाला विचारायचे, यातले काहीच त्या ओळीत नाही.

मग मी तिला एकच प्रश्न विचारला, "तू हे केलेस कशासाठी?" ती म्हणाली, "डॉक्टरकाका, मामीला दोन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. केस गेले तेव्हा ती चार महिने घराबाहेर पडली नाही. भाजीसुद्धा मामाच आणायचा. नंतर रुग्णालयातून विग मिळाला, तेव्हा ती पहिल्यांदा भाजी आणायला गेली. भाजीवाली म्हणाली, बऱ्याच दिवसांनी दिसलात. एवढेच. पण मामी घरी येऊन ते तीनदा सांगत होती."

मी म्हणालो, "हेच लिही. पण मामीला विचारून." आजार हा ज्याचा त्याचा खाजगी मामला असतो. मामी आता ठणठणीत असली, तरी तिच्या आजाराची बातमी गावभर करण्याचा हक्क भाचीला नाही. मुलीने फोन लावला. मामी म्हणाली, "नाव घालू नकोस, भाजीवाली घाल." दोन दिवसांनी ओळी तयार झाल्या त्या अशा:

"केसाला धक्का लागला, बाकी मी सुखरूप आहे! आईने वीस वर्षे तेल घातलेली वेणी न्हावीदादांनी वीस सेकंदांत उतरवली. शाम्पूचा खर्च निम्मा झाला, आईचा राग दुप्पट.

आमच्या घरातल्या एकीचे केस उपचारांत गेले होते. चार महिने ती घराबाहेर पडली नाही. विग मिळाल्यावर पहिल्यांदा भाजी आणायला गेली आणि भाजीवालीने नेहमीसारखी चौकशी केली. तिला तेवढेच हवे होते. तिचे केस आता परत आले आहेत. माझे १४ इंच आणखी पाच-सहा जणींच्या केसांत मिळून कोणाचा तरी विग होतील. केस द्यायचे असतील तर आधी मला विचारा, कापायची रीत सांगते."

आता या ओळी नीट पाहा. पहिल्या भागात विनोद आहे आणि तो सगळा तिच्या स्वतःच्या केसांवर, तिच्या आईवर आणि न्हावीदादांवर आहे. दुसऱ्या भागात विनोद नाही. मधे एक ओळ रिकामी सोडली आहे, म्हणजे हसता हसता वाचणारा तिथे क्षणभर थांबतो. कारण सांगताना तिने मोठे शब्द वापरले नाहीत, एक घडलेली गोष्ट सांगितली. "तिचे केस आता परत आले आहेत" हे वाक्य तर मला औषधाइतके मोलाचे वाटते. ज्या बाईची केमोथेरपी पुढच्या आठवड्यात आहे ती हे वाक्य वाचणार आहे.

आई मात्र खरोखरच रागावली होती. वहिनी दवाखान्यात येऊन मला म्हणाल्या, "लग्नाच्या वयाची मुलगी, आता दाखवायचे कसे?" मी म्हटले, "वहिनी, खांद्याइतके केस आहेत की. आणि स्थळ बघायला येईल त्याला हा फोटो दाखवा. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळेल मुलगी द्यावी की नाही ते." वहिनी हसल्या. राग किती गेला ते सांगता येत नाही.

विनोद करावा, पण कोणावर?

केस कापण्याची गंमत जरूर लिहावी. सगळेच गंभीर लिहिले तर ते शोकसभेच्या पत्रकासारखे होते आणि रुग्णालाही ते वाचून आपली कीव केली जात आहे असे वाटते. फक्त विनोदाचे तोंड स्वतःकडे असावे. मान हलकी झाली, फणीला सुट्टी मिळाली, दाराच्या कडीत अडकणारी वेणी आता अडकत नाही, शेजारच्या काकूंनी ओळखलेच नाही, हे सगळे चालेल. एका शिक्षिकेने लिहिले होते, "लोक केसाने गळा कापतात, मी गळ्यापर्यंत केस कापले." हे मला फार आवडले. त्यात कोणाला दुखवलेले नाही.

टक्कल, आजार, रुग्णाचे रूप यांवर विनोद नको. "कॅन्सरला हरवू या" असली युद्धाची भाषाही मी टाळायला सांगतो. ज्यांचा आजार औषधांना दाद देत नाही ते काय लढायला कमी पडले? तसेच "विगशिवाय तिला तोंड दाखवता येत नाही" असे लिहू नये. कित्येक जणींना विग नकोच असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो गरम होतो, टोचतो. त्या सुती रुमाल बांधतात किंवा तशाच फिरतात. तो त्यांचा निर्णय आहे. विग हवा असेल तिला तो मिळावा, एवढ्यासाठीच आपली वेणी.

संपूर्ण मुंडण केले तरच खरे दान, असाही एक समज पसरतो आहे. केरळमधल्या त्रिशूर जिल्ह्यात पोलीस दलात काम करणाऱ्या अपर्णा लवकुमार यांनी २०१९ साली आपले लांब केस पूर्ण काढून विगसाठी दिले आणि देशभर त्याची बातमी झाली. त्यांचे धैर्य मोठे खरे. पण विगच्या कारागिराला हवी असते लांबी. ती मिळाली की मागे डोक्यावर किती उरले याचा त्याला काही फरक पडत नाही. खांद्याइतके ठेवून उरलेले देणारीनेही "एवढेच दिले" अशी दिलगिरी लिहू नये. केस कापल्याने किंवा मुंडण केल्याने नवे केस दाट येतात हाही गैरसमजच आहे. तसे लिहून कोणाला भुलवू नये.

मुलगे, लहान मुले आणि संस्थांचे कार्यक्रम

मुलग्यांनीही केस द्यायला हरकत नाही. केसाला मुलगा-मुलगी कळत नाही. दोन-अडीच वर्षे केस वाढवणाऱ्या मुलाला गावात जे ऐकावे लागते, त्यातच त्याच्या विनोदाची सामग्री असते. एकाने लिहिले होते, "आजोबा रोज विचारायचे, कधी कापणार? आजोबा, आज. १३ इंच. आता तरी जेवायला वाढा." खाली एका ओळीत कारण होते. छान झाले होते.

लहान मुलीचे केस द्यायचे असतील तर आधी तिलाच विचारा. आईच्या हौसेसाठी रडत्या मुलीची वेणी कापणे हे दान नव्हे. तिची तयारी असेल तर ओळही तिच्याच तोंडची घ्या. आठ-नऊ वर्षांच्या मुली मोठ्यांपेक्षा सरळ बोलतात. "जिला केस नाहीत तिला माझे दिले, माझे परत येणार आहेत," असे एका मुलीने सांगितले होते. त्यात मला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

महिला मंडळ किंवा महाविद्यालय असा कार्यक्रम घेते तेव्हा बातमीची फोटोओळ निराळी असते. तिथे विनोद नको, माहिती हवी. कुठे, कोणत्या तारखेला, किती जणींनी, किमान किती इंच केस दिले आणि ते कोणत्या संस्थेकडे गेले, एवढे पुरे. प्रमुख पाहुण्यांची नावे कमी घातली तर संस्थेच्या फोन क्रमांकाला जागा मिळते. मंचावर रुग्णाला बोलावून तिच्या डोक्यावर विग चढवतानाचा फोटो मात्र कधीही काढू नये. तिने हो म्हटले असले तरी उपकाराच्या ओझ्याखाली नाही म्हणणे अवघड असते.

शेवटी, ज्यांच्या घरात उपचार सुरू व्हायचे आहेत त्यांच्यासाठी चार ओळी. विग घ्यायचा असेल तर केस जाण्याआधी चौकशी करा, म्हणजे रंग आणि ठेवण जुळवता येते. स्वतःचा एक फोटो आणि छोटीशी बट सोबत न्या. पुष्कळ जणी उपचारांआधीच केस आखूड करून घेतात, म्हणजे गळताना धक्का कमी बसतो. सौम्य शाम्पू, मऊ सुती उशीचा अभ्रा आणि उन्हात डोक्यावर रुमाल एवढी काळजी घ्या. उपचार घेत असलेल्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विगविषयी विचारा, काही ठिकाणी तो मोफत किंवा कमी दरात मिळतो.

आणि ज्यांचे केस मुळातच आखूड आहेत त्यांनीही हळहळू नये. वेण्या गोळा झाल्या तरी जाळी, कारागिराची मजुरी आणि टपाल यांना पैसे लागतातच. संस्थेला शंभर-दोनशे रुपये पाठवले तर त्याचाही उपयोग होतो. त्या पैशांचा फोटो काही चांगला येत नाही, एवढीच काय ती अडचण.